आजोबांच्या भावंडांकडे विखुरलेले जुने फोटो मागवायचे आहेत, पत्राचा मसुदा बघून द्याल का?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. पाच भावंडं. ४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आमचा वाडा गेला, त्यात सगळी कागदपत्रं आणि फोटो पण गेले. नंतर घर पांगलं, आजोबा पुण्यात आले, एक भाऊ इंदूरला, एक बडोद्याला, दोघी बहिणी लग्न होऊन मिरजेला आणि नागपूरला. आता त्या पिढीतलं कोणी नाही, फक्त माझी आजी आहे, ८८ वर्षांची, तिची स्मरणशक्ती अजून चांगली आहे पण डोळे अधू झालेत. जुन्या फोटोतली माणसं ओळखू शकेल अशी ती एकटीच उरलीय म्हणून मला घाई आहे.

तर सगळ्यांच्या मुला-नातवंडांना पत्र लिहायचं ठरवलंय, त्यातले निम्मे लोक मला ओळखतसुद्धा नाहीत. मसुदा असा आहे:

"सर्व आदरणीय नातेवाइकांस सप्रेम नमस्कार. आपल्या घराण्याच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह करण्याचा मानस आहे. तरी आपल्याकडे असलेले जुने फोटो, त्यातील व्यक्तींची नावे व तारखांसह पाठवावेत ही नम्र विनंती. आपली, अमुक."

काय बदलू? आणि पत्र पोस्टाने पाठवू की व्हॉट्सॅपवर?

घाटमाथा

पोस्ट वगैरे कशाला, एक ग्रुप काढा 'आपलं घराणं' नावाचा, सगळ्यांना अ‍ॅड करा, दोन दिवसात शंभर फोटो येतील. आम्ही केलं होतं.

बडोद्याचा बंडू

@घाटमाथा शंभर येतील, त्यातले नव्वद गुड मॉर्निंगचे 😀

सुमती_ठाणे

चांदणवेल, तुझं पत्र वाचलं. भाषा छान आहे पण मला असं पत्र आलं असतं तर मी "हो, पाठवायला हवेत" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं. कारण तू कोण हेच त्यात नाही. आमच्या पिढीला आधी नातं लागतं. "मी अमक्या आजोबांची नात, त्यांच्या मधल्या मुलाची मुलगी, तुमच्या आई आणि माझे आजोबा सख्खे बहीणभाऊ" असं पहिल्याच ओळीत आलं पाहिजे. आणि सर्व नातेवाइकांस असं एकच पत्र लिहू नकोस. प्रत्येकाला वेगळं लिही, ती. आत्या म्हण, ती. काका म्हण. सर्वांस म्हटलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे कोणीतरी पाठवतील.

दुसरं, जुने फोटो पाठवा म्हटलं की लोकांना वाटतं कपाट उपसायचं काम आलं. त्यापेक्षा एक फोटो माग. माझ्या भाचीने मला विचारलं होतं, "मावशी, तुझ्या लग्नात आजोबा फेटा बांधून बसलेत तो फोटो तुझ्याकडे आहे का?" तो शोधायला अल्बम काढला आणि मग बाकीचे पण सापडले, दुपारभर तेच करत बसले.

लेन्सवाला

सुमतीताईंशी पूर्ण सहमत. मी बरीच वर्षं एका संग्रहालयासाठी जुन्या फोटोंच्या स्कॅनिंगचं आणि नोंदींचं काम केलंय, त्यावरून थोडं सांगतो.

फोटो मिळणं त्या मानाने सोपं असतं, नाव आणि तारीख हरवते आणि ती नेमकी पाठवापाठवीत हरवते. व्हॉट्सॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं नावही बदलतं. पलीकडे उतरताना फाइलचं नाव `IMG-20240512-WA0007.jpg` असं काहीतरी होतं, त्यातली तारीख पाठवल्या-मिळाल्याची असते. काकांनी कष्टाने फाइलला 'बाबा_मुंज_१९५२' असं नाव दिलेलं असलं तरी ते उडतं. आणि फोटोखाली मेसेजमध्ये जी नावं लिहिलेली असतात ती चॅटमध्येच राहतात, फोटो सेव्ह केला की सोबत जात नाहीत. वर्षभराने तुमच्या हातात नुसते नंबर असलेले फोटो राहतात. त्यामुळे पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी आणि आहे त्या नावाने पोचते. किंवा मेल.

पत्रात एक ओळ नक्की टाका: फोटोची मागची बाजूही पाठवा, कोरी असली तरी. लोक पुढचीच बाजू पाठवतात. स्टुडिओचा शिक्का, कोणीतरी शाईने लिहिलेलं नाव, सगळं मागे असतं.

परदेशी_पाखरू

चांगला धागा. माझ्या आईकडे ८० च्या दशकातला तो अल्बम आहे ज्याच्या पानांना चिकट पट्टे असतात आणि वरून प्लॅस्टिकचा कागद. फोटो निघतच नाहीयेत, ओढला तर एकाचा कोपरा फाटला. न्यू जर्सीहून भारतात येईन तेव्हा काढायचे आहेत, पुण्यात फोटो दुरुस्त करून देणारं कोणी चांगलं माहीत आहे का?

लेन्सवाला

@परदेशी_पाखरू ओढू नका. दात साफ करायचा जो मेण नसलेला दोरा मिळतो ना, तो फोटोच्या मागून करवत चालवल्यासारखा हळूहळू सरकवा. त्यानेही सुटला नाही तर राहू द्या, प्लॅस्टिक उचलून पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तेच, काचेसकट फोटो घ्या. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट घरांत हे फार होतं, ओढला की चेहराच काचेवर राहतो.

नर्मदाकाठ

इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे याच्या उलट झालं. गावाहून असंच एका पुतण्याचं पत्र आलं, वडिलांनी विश्वासाने मूळ फोटो पाकिटात घालून पाठवून दिले, ते आजतागायत परत आले नाहीत. पुतण्या म्हणतो घर बदलताना गहाळ झाले. त्यात माझ्या आजीचा एकुलता एक फोटो होता. त्यामुळे चांदणवेलताई, तुमचा हेतू चांगला आहे पण मी तुमचा नातेवाईक असतो तर पाठवला नसता, स्पष्ट सांगतो.

चांदणवेल

@नर्मदाकाठ वाचून वाईट वाटलं. खरंय तुमचं, मूळ फोटो मागायचेच नाहीत असं पत्रात ठळक लिहिते. ज्यांना स्कॅन जमणार नाही त्यांच्याकडे मी स्वतः जाईन, किंवा त्यांच्या नातवंडांना फोन करेन.

@सुमतीताई, प्रत्येकाला वेगळं पत्र, पटलं. आणि मागण्यासारखा एक फोटो खरंच आहे! इंदूरच्या काकांनी मागे ग्रुपवर टाकला होता. घराच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस माणसं, मधे नवरानवरी, मुंडावळ्या वगैरे. मागे लिहिलंय "थोरलीच्या लग्नात. माघ शके १८६९." काका म्हणतात हा आपला जळालेला वाडा, त्याचा हा एकमेव फोटो. थोरली म्हणजे मिरजेला दिलेली आत्याआजी. पण आजीला विचारलं तर ती म्हणते वाड्याला अशा पायऱ्या नव्हत्याच. ती लग्न होऊन आली १९५७ मध्ये, म्हणजे तिने वाडा उभा पाहिलेलाच नाही, फक्त जोतं पाहिलंय.

घाटमाथा

सोपं आहे. शके म्हणजे अधिक ७८ करायचे. १८६९ + ७८ = १९४७. जाळपोळ ४८ ला, म्हणजे लग्न त्याच्या आधीचं, काका बरोबर. वाडाच आहे तो. अभिनंदन!

मिरजकर

घाटमाथा, थांबा जरा. ७८ चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतात. शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ शके १८६९ म्हणजे १९४८.

आणि नुसतं १९४८ म्हणून थांबू नका. ३० जानेवारी ४८ ला पौष वद्य चालू होता. त्या वर्षी आधी अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे सगळे महिने उशिरा होते, माघ लागला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे फोटोवरची तारीख खरी धरली तर हे लग्न जाळपोळीच्या नंतरचं आहे. वाडा तेव्हा उभा नव्हता.

घाटमाथा

अरे बापरे. हे माहीत नव्हतं, मी आत्तापर्यंत सरसकट ७८ च करत आलो. धन्यवाद. पण मग एक प्रश्न, घर जळल्यावर दोन-चार आठवड्यांत कोणी लग्न करेल का? आणि इतक्या माणसांचा फोटो?

सुमती_ठाणे

केलं असेल रे. ठरलेलं लग्न मोडायचं नाही म्हणून मुलाकडच्यांनी आपल्या घरी लावून घेतलं असेल. आमच्या ओळखीत अशी दोन लग्नं झाली, एक तर मुलीच्या मामाकडे. त्या पायऱ्या मिरजेच्या घराच्या असू शकतात की.

लेन्सवाला

किंवा तारीखच चुकीची असेल. चांदणवेल, मागची अक्षरं कशाने लिहिली आहेत हे बघता येईल का? तिरक्या उजेडात मागच्या बाजूचा एक फोटो काकांना काढायला सांगा.

चांदणवेल

काकांच्या सुनेने काढून पाठवला (डॉक्युमेंट म्हणून!). अक्षर निळं, एकसारख्या जाडीचं आणि दाबून लिहिलेलं, पुढच्या बाजूने वधूच्या पदरावर त्याचे वळ उमटलेत. स्टुडिओचा शिक्का पण आहे, अर्धा पुसलाय, "...टो स्टुडिओ, मिरज" एवढंच वाचता येतं. पिनकोड नाही. फोटोच्या कडा कातरलेल्या, लाटांसारख्या.

लेन्सवाला

मग ते बॉलपेन आहे. टाकाची किंवा फाउंटन पेनची शाई पसरते, रेघ जाड-बारीक होते, कागदावर असे वळ उठत नाहीत. ४८ साली आपल्याकडच्या घरांत बॉलपेन नव्हतं, ते बरंच नंतर आलं. म्हणजे ही ओळ लग्नाच्या वेळी लिहिलेली नाही, पुढे कोणीतरी आठवणीने लिहिली. आठवण बरोबर असेलही, पण तिला त्या दिवसाच्या नोंदीइतकं वजन देता येणार नाही.

कातरलेल्या कडा ४८ शी जुळतात पण त्या पुढेही बरीच वर्षं चालल्या. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा शिक्क्यात सहा आकडी पिन असता तर ही प्रत ७२ नंतरची हे नक्की सांगता आलं असतं. पिन नाही यावरून मात्र उलटं सिद्ध होत नाही, स्टुडिओवाले जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायचे.

मिरजेचा शिक्का हा मात्र सुमतीताईंच्या बाजूचा पुरावा आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की स्टुडिओवाला मिरजेहून खेड्यात जाऊन फोटो काढू शकतो, किंवा गावातल्या फोटोची प्रत नंतर मिरजेत काढलेली असू शकते. निगेटिव्हवरून काढलेली प्रत आणि फोटोचा फोटो यात फरक दिसतो. फोटोचा फोटो असेल तर चेहरे मऊ, काळं-पांढरं भडक, आणि कधीकधी मूळ फोटोची घडी किंवा टाचणीचं भोक त्यात 'छापलेलं' दिसतं, बोट फिरवलं तर हाताला लागत नाही. ते तपासायला सांगा.

बडोद्याचा बंडू

मी इथे पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लग्नपत्रिका शोधा हो कोणीतरी.

मिरजकर

@बंडू हसण्यावारी नेऊ नका, पत्रिका खरंच मिळतात. आमच्याकडे देवघराच्या पेटीत निघाल्या. चांदणवेल, मिरजेच्या आत्याआजींच्या घरच्यांना नुसता फोटो नका मागू, पत्रिका आणि आहेराची वही आहे का तेही विचारा. आहेराच्या वहीत कोण कोण आलं होतं याची यादीच असते, फोटोतल्या माणसांशी ताडून बघता येईल.

सुमती_ठाणे

नावांबद्दल माझं एक राहिलं. फोटोच्या मागे लोक "माई, अक्का, भाऊ, बापू" असं लिहितात. प्रत्येक घरात एक माई असते. शिवाय बायकांची नावं लग्नात बदलायची. माझ्या सासूबाई माहेरच्या कुसुम, सासरच्या प्रभावती. त्यांच्या भावाच्या घरातल्या फोटोवर कुसुम, आमच्या घरातल्या फोटोवर प्रभा, आणि माझ्या पुतण्याने केलेल्या वंशावळीत त्या दोन वेगळ्या बायका होत्या! म्हणून बाईचं नाव विचारताना माहेरचं नाव आणि आडनाव, सासरचं नाव आणि आडनाव, घरात काय म्हणायचे, हे सगळं विचार. पुरुषांत उलटा घोळ, आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, मग कोणता ते कळत नाही. वडिलांचं नाव लावल्याशिवाय लिहायचं नाही.

आणि हो, लेकींच्या घरी आधी विचार. वंशावळीवाले मुलांच्या शाखा धरतात, मुलगी "अमक्यांना दिली" एवढ्यावर संपते. पण फोटो तिकडेच असतात. नवीन बाळाचा, मुंजीचा, नव्या घराचा फोटो माहेरून पत्रात घालून लेकीला पाठवायचे. जळालेल्या घरातले फोटो शोधायचे तर ते तसे बाहेर गेलेलेच सापडणार ना.

नर्मदाकाठ

हे अगदी खरं. माझ्या आजीचा जो फोटो गेला त्याचीच प्रत गेल्या वर्षी तिच्या बहिणीच्या नातीकडे निघाली, भुसावळला. आम्हाला कोणाला सुचलंच नव्हतं तिथे विचारायचं.

परदेशी_पाखरू

माणसं ओळखायची सोय कशी करता? आम्ही डावीकडून पहिला, दुसरा असं लिहिलं तर ओळ वाकडी असल्याने सगळा गोंधळ झाला, खाली बसलेली मुलं कुठल्या रांगेत मोजायची यावर भांडण.

लेन्सवाला

मूळ फोटोला हात लावू नका. त्याची मोठी झेरॉक्स काढा, प्रत्येक डोक्यावर पेनाने आकडा टाका आणि खाली आकड्यांसमोर रिकाम्या ओळी. तीच झेरॉक्स पत्रासोबत पाठवा. सत्तरीपुढच्या माणसाला स्क्रीनवर ओळखायला सांगण्यापेक्षा कागद हातात दिला की दहा मिनिटांत नावं येतात. रिकाम्या ओळीपुढे "कोणी सांगितलं" असाही एक रकाना ठेवा. दोन शाखांनी वेगवेगळी नावं दिली तर खोडू नका, दोन्ही ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि ओळखत नसाल तर रिकामं सोडा असं स्पष्ट लिहा, नाहीतर लोक भरायचं म्हणून भरतात.

ज्यांना मूळ फोटोमागे लिहायचंच आहे त्यांना सांगा, मऊ शिसपेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने काय होतं ते वधूच्या पदरावर दिसलंच आहे.

स्कॅन ६०० डीपीआयने. फोटो लहान असतात, दोन बाय तीन इंचांचा फोटो ३०० ने स्कॅन केला तर ६०० बाय ९०० पिक्सेल मिळतात, वीस माणसांच्या घोळक्यात प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी समांतर धरून काढा.

घाटमाथा

एवढं सगळं पत्रात टाकलं तर ते पत्र न राहता टेंडर होईल. माझं अजूनही मत आहे की आधी ग्रुपवर येतील तेवढे गोळा करावेत, शिस्त नंतर.

सुमती_ठाणे

टेंडरचं पटलं. ग्रुपचं नाही पटलं. ग्रुपवर एकाने "ही अक्का" म्हटलं की बाकीचे नुसते हात जोडतात, वेगळं माहीत असलेला गप्प बसतो. शिवाय प्रत्येक घरात एखादा फोटो असा असतो जो चारचौघांत टाकायचा नसतो, लहानपणी गेलेलं मूल, सोडून दिलेली बायको. तो एकटीला पत्रातून मिळू शकतो, ग्रुपवर कधीच नाही.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार बसून नवीन मसुदा केला. हा मिरजेच्या आत्याआजींच्या सुनेला, बाकीचे याच धर्तीवर वेगळे:

"ती. काकू यांस सा. न.

मी तुमच्या सासूबाईंच्या धाकट्या भावाची नात, पुण्याची. आपण भेटलेलो नाही, पण आजी तुमच्या हातच्या गुळपोळीची आठवण अजून काढते.

सोबत एका लग्नाच्या फोटोची झेरॉक्स आहे. हे तुमच्या सासूबाईंचं लग्न असावं. प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा घातला आहे. जे ओळखू येतील त्यांची नावं आकड्यापुढे लिहाल का? बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं हवी आहेत. ओळखू येत नसेल तर जागा तशीच सोडा. मागच्या पायऱ्या तुमच्या जुन्या घराच्या आहेत का, एवढं नक्की सांगा.

याच लग्नाचा किंवा आमच्या गावच्या वाड्याचा एखादा फोटो, लग्नपत्रिका किंवा आहेराची वही तुमच्याकडे असेल तर मला फोन करा. मूळ फोटो पोस्टाने पाठवू नका. मी येऊन तुमच्यासमोर स्कॅन करेन आणि फोटो तिथेच ठेवून जाईन. तुम्ही सांगाल ते फोटो कोणालाही दाखवणार नाही.

तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. आजीला संक्रांतीच्या आत सगळी नावं वाचून दाखवायची आहेत."

तारीख देण्याऐवजी संक्रांत म्हटलंय, चालेल ना? स्कॅनची माहिती पत्रातून काढून टाकली, जे स्वतः पाठवतो म्हणतील त्यांनाच वेगळी देईन.

इंदूरच्या सूनबाईंनी फोटो परत तपासला. वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक दिसतं, पण हाताला लागत नाही असं म्हणतात.

लेन्सवाला

मग तुमच्या काकांकडे आहे तो फोटोचा फोटो. म्हणजे मूळ प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी होती, भिंतीला किंवा कागदाला टाचलेली, आणि मिरजेत तिची नक्कल काढली गेली. शिक्क्यावरून आता फक्त नक्कल कुठे झाली तेवढंच कळतं, लग्न कुठे लागलं ते नाही. वाड्याची शक्यता परत उघडी झाली.

मिरजकर

पण माघ ४८ तसाच राहतो ना?

लेन्सवाला

लिहिणाऱ्याला साल बरोबर आठवत असेल तर. एका वर्षाने चुकला असेल, म्हणजे खरं लग्न माघ १८६८ मधलं असेल, तर फेब्रुवारी ४७ च्या आसपास येतं आणि मग वाडा उभा होता. पत्रिका मिळाल्याशिवाय मी दोन्हीपैकी काही लिहिणार नाही. नोंदीत "मागे बॉलपेनने: माघ शके १८६९, नंतर लिहिलेले" असं जसंच्या तसं ठेवा.

सुमती_ठाणे

पत्र छान झालंय गं. एकच बदल कर. पत्र सुनेला आहे पण पाकिटावर मुलाचं नाव पण घाल, नाहीतर घरात "तुला का आलं" यात चार दिवस जातील. आणि नागपूरच्या बहिणीकडे पण हीच झेरॉक्स पाठव, मूळ प्रत तिच्याकडे गेलेली असू शकते, धाकट्या बहिणीला लग्नाचा फोटो पाठवायची पद्धतच होती.

चांदणवेल

पाठवते, नागपूरचं पाकीट उद्याच टाकते. तिथे कोणाच्या नावाने लिहायचं तेच आजीला विचारतेय, ती म्हणतेय तिकडची थोरली सून अजून आहे आणि तिला सगळं पाठ असतं.